अजेंडा नसलेल्या मीटिंगला नकार, आणि सोबत एक नेमका प्रश्न

मंगळवारी संध्याकाळी पावणेसहाला इन्व्हाइट येतं. विषय ‘पंप हाउसिंग – चर्चा’. गुरुवारी दुपारी तीन ते चार, वागळे इस्टेटच्या ऑफिसात, आठ माणसं. वर्णनाच्या चौकटीत एक अक्षर नाही. बोलावणारे परचेस मॅनेजर. बोलावलेल्यांपैकी एक क्वालिटी इंजिनीअर रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यात बसते. तासाभराच्या मीटिंगसाठी तिला रिक्षाने रबाळे स्टेशन गाठायचं, ट्रान्स-हार्बरने ऐरोली, दिघा गाव करत ठाण्याला उतरायचं आणि तिथून पुन्हा रिक्षा किंवा बस पकडायची. परतीचंही तेच. म्हणजे अर्धा दिवस गेला. त्यातून गुरुवारी दुपारी तिचं डिस्पॅच इन्स्पेक्शन ठरलेलं आहे.

तिच्यापुढे दोन सोपे आणि दोन्ही चुकीचे रस्ते आहेत. एक म्हणजे निमूट जाऊन बसणं. दुसरा म्हणजे Decline दाबून मोकळं होणं. जमणारा रस्ता तिसरा आहे: नकार द्यायचा, पण त्याच संदेशात ‘माझ्याकडून नेमकं काय हवंय’ हे अशा पद्धतीने विचारायचं की समोरच्याला एका ओळीत उत्तर देता येईल. हे करण्याची रीत या लेखात याच उदाहरणावर दाखवली आहे.

आधी दोन मिनिटं अंदाज बांधा

‘अजेंडा काय आहे?’ असं विचारलं की बहुतेक वेळा ‘काही नाही, जरा चर्चा करायची आहे’ एवढंच उत्तर येतं. अजेंडा लिहिणं हे बोलावणाऱ्याला वेगळं काम वाटतं, आणि ते टाळण्यासाठीच त्याने चौकट रिकामी ठेवलेली असते. त्यामुळे अजेंडा मागण्यापेक्षा आपला अंदाज त्याच्यापुढे ठेवणं जास्त उपयोगी पडतं. अंदाज चुकला तरी माणूस तो दुरुस्त करायला लगेच उत्तर देतो.

अंदाजासाठी इन्व्हाइटमध्ये बऱ्याच खुणा असतात. सर्वांत बोलकी खूण म्हणजे बोलावलेल्यांची यादी. आपल्या उदाहरणात परचेस, स्टोअर्स, अकाउंट्स, डिझाइन आणि क्वालिटी आहे. प्रॉडक्शनचं कोणीच नाही. अकाउंट्सचा माणूस आणि स्टोअर्सचा माणूस एकत्र दिसले की समजावं, प्रकरण मालाच्या परतीचं किंवा डेबिट नोटचं आहे. मग मेलबॉक्समध्ये ‘पंप हाउसिंग’ शोधायचं. गेल्या आठवड्यात फाउंड्रीकडून आलेल्या 60 कास्टिंगपैकी 14 नग पोरॉसिटीमुळे, म्हणजे धातूत राहिलेल्या बारीक छिद्रांमुळे, रिजेक्ट केल्याचा रिपोर्ट तिनेच पाठवला होता, तो सापडतो. आता चित्र बरंच स्पष्ट झालं. परचेसला एक तर रिजेक्शनचा तपशील हवा असणार, नाही तर ते 14 नग डेव्हिएशनवर, म्हणजे दोष असूनही खास परवानगीने, स्वीकारता येतील का, यावर क्वालिटीचा होकार-नकार हवा असणार.

या दोन गोष्टींत फरक मोठा आहे. तपशील मेलने जाऊ शकतो, त्यासाठी ठाणे गाठायची गरज नाही. डेव्हिएशनवर मात्र क्वालिटीची सही लागते, डिझाइनचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि ती चर्चा तिच्या पाठीमागे होऊन चालणार नाही. प्रश्न विचारायचा तो हे दोन पर्याय वेगळे करण्यासाठी.

आपलं नाव Required मध्ये आहे की Optional मध्ये, हेही पाहावं. Optional असेल तर विषय तिथेच निम्मा मिटला. आणि इन्व्हाइट एखाद्या ग्रुप आयडीवर आलं असेल, म्हणजे ‘क्वालिटी-रबाळे’ अशा यादीवर, तर तुम्हाला मुद्दाम बोलावलेलंच नसण्याची शक्यता बरीच असते.

कुठे Decline दाबायचंच नाही

काही इन्व्हाइट मुद्दाम कोरी ठेवलेली असतात. एचआर आणि तुमचे रिपोर्टिंग मॅनेजर असे दोघंच असलेलं बोलावणं, अप्रेझल, तक्रारीची चौकशी, अंतर्गत समितीसमोरची हजेरी. यांत विषय कॅलेंडरवर लिहिणंच चुकीचं ठरेल, कारण कॅलेंडर इतरांनाही दिसू शकतं. अपघात झालाय किंवा लाइन बंद पडलीय म्हणून घाईत लावलेल्या कॉललाही अजेंडा मागत बसू नये. ग्राहकाने स्वतः लावलेली मीटिंग असेल तर आधी आपल्या मार्केटिंगच्या माणसाला फोन करावा.

साहेबांच्या साहेबांनी बोलावलं असेल तर? नकार देता येतो, पण बटणाने नाही. तिथे उत्तर न देता आधी फोन करावा किंवा साधा मेल लिहावा. नकाराची छापील ओळ आधी पोचली की पुढचा मजकूर कितीही नम्र असला तरी वरच्या पायरीवर तो बचाव वाटतो.

वेळही पाहावी. मीटिंगला एक पूर्ण कामाचा दिवस शिल्लक असेल तर लेखी नकार आणि प्रश्न चालतो. दोन-तीन तासच उरले असतील तर लिहीत बसू नका. फोन करा, बोला, आणि मग बोलल्याप्रमाणे बटण दाबा. बोलावणारा ऐनवेळी मेल उघडेल या भरवशावर राहिलात तर तुमची खुर्ची रिकामी दिसेल आणि प्रश्न कोणी वाचलेलाच नसेल.

संदेश: पहिली ओळ नकाराची नको

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. आउटलुक असो वा गूगल कॅलेंडर, तुम्ही नकार दिलात की बोलावणाऱ्याला जाणाऱ्या मेलचा विषयच ‘Declined:’ ने सुरू होतो. म्हणजे ‘नाही’ हे तुम्ही काही लिहिण्याआधीच सांगून झालेलं असतं. त्याखाली तुम्ही पुन्हा ‘मला येणं शक्य नाही, क्षमस्व’ असं लिहिलंत, तर फोनच्या नोटिफिकेशनमध्ये दोन वेळा नकार दिसतो आणि प्रश्न आत दडून राहतो. बोलावणारा मेल न उघडता ‘नाही म्हणाली’ एवढंच डोक्यात ठेवतो. म्हणून पहिली ओळ मदतीची किंवा प्रश्नाची असावी.

आपल्या क्वालिटी इंजिनीअरचा संदेश असा होईल:

> सर, पंप हाउसिंगच्या 14 रिजेक्ट नगांबद्दल आहे का? तुम्हाला माझ्याकडून रिजेक्शनचा तपशील हवाय, की ते नग डेव्हिएशनवर घ्यायचे का यावर निर्णय हवाय, की आणखी काही?
>
> तपशील हवा असेल तर नगवार रिपोर्ट आणि फोटो बुधवारी दुपारी चारपर्यंत पाठवते. निर्णय हवा असेल तर गुरुवारी साडेतीन ते पावणेचार मी टीम्सवर जोडली जाईन, त्याआधी डिझाइनचं मत मेलवर आलं तर बरं होईल.
>
> गुरुवारी दुपारी डिस्पॅच इन्स्पेक्शन आहे, म्हणून वागळेला प्रत्यक्ष येणं जमणार नाही. बुधवारी दुपारी बारापर्यंत एका ओळीत कळवलंत तरी पुरे.

याचे भाग सुटे करून पाहू. प्रश्नात दोन ठोस पर्याय आहेत आणि तिसरा दरवाजा उघडा आहे. ‘आणखी काही’ हे शब्द वगळू नका. तो दरवाजा नसला की तुमचा अंदाज चुकल्यावर समोरचा अडतो, आणि अडलेला माणूस ‘तुम्ही याच, मग बोलू’ असं लिहून मोकळा होतो. प्रत्येक पर्यायापुढे तुम्ही काय द्याल आणि केव्हा द्याल हे लिहिलेलं आहे. इथेच बोलावणाऱ्याला पटतं की ही बाई काम टाळत नाहीये. पहिल्या पर्यायाची वेळ मीटिंगच्या आदल्या दिवसाची आहे, म्हणजे तिच्याशिवायही मीटिंग अडणार नाही.

कारण एकच दिलंय आणि ते शेवटी दिलंय. दोन कारणं दिली की दोन्ही संशयास्पद वाटतात. ‘येण्याजाण्यात अर्धा दिवस जातो’ हे खरं असलं तरी लिहू नये. वागळेत बसणाऱ्या माणसाला ते त्याच्या ऑफिसबद्दलची तक्रार वाटते. आणि अजेंडा नाही, ही गोष्ट तर संदेशात कुठेच आलेली नाही. ती यायला नकोच. ‘अजेंडाशिवायच्या मीटिंगला मी येत नाही’ हे वाक्य तत्त्व म्हणून कितीही बरोबर असो, पण समोरच्याला त्यात आपल्याला शिस्त शिकवल्यासारखं ऐकू येतं. मग तो अजेंडा म्हणून चार शब्द टाकतो, ‘पंप हाउसिंग रिजेक्शन चर्चा’, आणि आता तुमच्याकडे न येण्याचं कारण उरत नाही.

उत्तर केव्हापर्यंत हवं, ही वेळ मात्र नक्की द्यावी. ‘लवकर कळवा’ याला ऑफिसात काही अर्थ नसतो.

बोलण्याचा सूर माणसाप्रमाणे बदलतो. वरच्या माणसाला ‘सर’ किंवा ‘मॅडम’ आणि ‘तुम्ही’ पुरे. ‘आपणांस विनंती आहे की’ असलं सरकारी वळण घेतलं की साधा प्रश्न अर्जासारखा दिसू लागतो. बरोबरीच्या मित्राला यातलं निम्मंही लागत नाही: ‘अरे, 14 नगांचा रिपोर्ट हवाय की डेव्हिएशनचं ठरवायचंय? रिपोर्ट असेल तर उद्या चारला देते. डेव्हिएशन असेल तर साडेतीनला पंधरा मिनिटं टीम्सवर घे. प्रत्यक्ष नाही येत, इन्स्पेक्शन आहे.’ सांगाडा तोच आहे.

बटणं कुठली दाबायची

क्लासिक आउटलुकमध्ये Decline च्या शेजारचा बाण उघडला की तीन पर्याय दिसतात. आपल्याला हवा तो Edit the Response Before Sending. यातच मजकूर लिहिता येतो. Send the Response Now मध्ये नुसता कोरा नकार जातो, आणि मागाहून तुम्ही वेगळा मेल लिहिलात तरी दोन्ही एकत्र वाचले जातील याची खात्री नाही. Do Not Send a Response हा सगळ्यात फसवा. मीटिंग तुमच्या कॅलेंडरवरून जाते, पण बोलावणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याच्या यादीत तुमच्यापुढे उत्तराची नोंदच नसते आणि तो तुम्हाला धरून चालतो.

गूगल कॅलेंडरमध्ये जीमेलमधूनच No दाबलं तर चिठ्ठी लिहायची राहून जाते. आधी मीटिंग कॅलेंडरमध्ये उघडा आणि उत्तराशेजारी टिप्पणी लिहिण्याची सोय वापरा. ती टिप्पणी इतर पाहुण्यांनाही दिसेल असं समजूनच लिहावी. सप्लायरशी चाललेला दर, कोणाची चूक, असलं काही तिथे नको. ते बोलावणाऱ्याला वेगळ्या मेलवर.

आउटलुकमध्ये नकाराचा संदेश फक्त बोलावणाऱ्याकडे जातो, आणि ते बरंच आहे. Reply All करून आठ जणांसमोर ‘माझ्याकडून काय हवंय’ विचारणं म्हणजे बोलावणाऱ्याला चारचौघांत उघडं पाडणं. प्रश्न तोच असतो, पण उत्तर देताना त्याला स्वतःची बाजू सांभाळावी लागते.

Decline दाबण्याआधी दोन गोष्टी टिपून ठेवा: मीटिंगची वेळ आणि टीम्सची लिंक. क्लासिक आउटलुकमध्ये नकार दिल्यावर इन्व्हाइट Deleted Items मध्ये जातं, आणि ‘निर्णय हवाय, जोडली जा’ असं उत्तर आलं की लिंक शोधताना धांदल उडते. शिवाय नकार देताच ती वेळ तुमच्या कॅलेंडरवर मोकळी दिसू लागते आणि तासाभरात तिथे दुसरं कोणी तरी मीटिंग टाकतं. साडेतीन ते पावणेचार टीम्सवर येईन असा शब्द दिलाय ना, तर तेवढा तुकडा स्वतःच्या नावाने अडवून ठेवा. उत्तर आल्यावर सोडता येतो.

दर सोमवारी भरणाऱ्या मालिकेतलं एखादं बोलावणं असेल तर फक्त त्या दिवसाचीच मीटिंग उघडली आहे ना, हे पाहून घ्या. सबंध मालिकेला चुकून नकार गेला की पुढच्या सगळ्या सोमवारांतून तुमचं नाव गळतं, आणि हे बऱ्याचदा महिनाभराने लक्षात येतं.

उत्तरं कशी येतात आणि पुढे काय

सरळ उत्तर आलं, ‘तपशीलच हवाय’, तर रिपोर्ट दिलेल्या वेळेच्या आधी पाठवा. आणि तो मीटिंगमध्ये तुमच्याशिवाय वाचता येईल असा हवा. नुसती एक्सेल शीट जोडू नका. मेलमध्येच वर तीन ओळी लिहा: 60 पैकी 14 नग नाकारले, 11 नगांत दोष फ्लँजच्या मशीनिंग केलेल्या तोंडावर, 3 नगांत बाहेरच्या रिबवर, रिबवरचे 3 नग वापरता येतील का, हे डिझाइनने सांगायचंय. शेवटची ओळ महत्त्वाची आहे. ती नसेल तर बैठकीत कोणी तरी म्हणणार, ‘क्वालिटीला विचारल्याशिवाय काही बोलता येत नाही’, आणि पुढच्या आठवड्यात तीच मीटिंग पुन्हा लागणार.

‘निर्णय हवाय’ असं उत्तर आलं तर कबूल केल्याप्रमाणे जोडलं जावं, पण आपला मुद्दा साडेतीनला घ्यावा असं त्याच उत्तरात लिहून घ्यावं. नाही तर तुम्ही जोडले जाता आणि पंधरातली बारा मिनिटं वाहतुकीच्या बिलावर जातात.

‘तुम्हाला फक्त माहिती असावी म्हणून बोलावलं होतं’ हे उत्तर अनेकदा येतं. त्यावर एकच विनंती करावी: मीटिंग झाल्यावर काय ठरलं त्याच्या दोन ओळी पाठवा. इथे प्रकरण संपतं.

अवघड उत्तर असतं ते ‘या हो, समोरासमोर बोलू’. यात तीन शक्यता असतात. विषय लेखी मांडण्यासारखा नाही, किंवा बोलावणाऱ्यालाच अजून नीट ठाऊक नाही, किंवा त्याला तुमचं म्हणणं इतरांसमोर हवंय. कुठली ते मेलवर कळणार नाही, त्यामुळे इथे दुसरा मेल लिहिणं व्यर्थ आहे. फोन उचला आणि विचारा, ‘सर, मी नसले तर गुरुवारी नेमकं काय अडेल?’ या प्रश्नाला टाळाटाळीचं उत्तर देणं कठीण जातं. काही अडत असेल तर ते लगेच सांगतात, आणि तसं असेल तर जा. इन्स्पेक्शन सहकाऱ्याकडे सोपवा किंवा वेळ बदलून घ्या. काहीच अडत नसेल तर तेच म्हणतात, ‘ठीक आहे, रिपोर्ट पाठवा.’ फोनवर ठरलेलं लगेच दोन ओळींत मेल करून ठेवावं.

उत्तरच आलं नाही तर? ठरलेली वेळ टळल्यावर एक आठवण, तीही व्हॉट्सअॅपवर किंवा फोनवर, कारण मेल वाचला गेला नाही हे तर दिसतंच आहे. त्यानंतरही शांतता असेल तर आपल्या अंदाजाप्रमाणे तपशील पाठवून द्या आणि लिहा, ‘डेव्हिएशनचा विषय निघालाच तर साडेतीन ते पावणेचार मला फोन करा, मी उचलते.’ आणि त्या पंधरा मिनिटांत फोन खरोखर हाताशी ठेवा. इन्स्पेक्शन बेच्या आवाजात रिंग ऐकू आली नाही, तर आदल्या दोन दिवसांची सगळी सभ्यता वाया जाते.

आपल्या जागी ज्युनिअरला पाठवायचा मोह होतो. आउटलुकवरून इन्व्हाइट फॉरवर्ड केलं की बोलावणाऱ्याला त्याची सूचना जाते, आणि न विचारता पाठवलेला माणूस त्याला बदली कामगारासारखा वाटतो. आधी विचारावं, मग नाव द्यावं. तपशील सांगायला ज्युनिअर चालतो; सही करायला चालत नाही. हे त्यालाही आधी सांगून ठेवावं, नाही तर सात वरिष्ठांच्या मधोमध बसून तो ‘चालेल’ म्हणून येईल.

मीटिंग होऊन गेल्यावर

गैरहजर माणसाच्या नावावर कामं टाकणं सोपं असतं. गुरुवारी संध्याकाळी किंवा शुक्रवारी सकाळी परचेसला एक ओळ पाठवून विचारा, ‘सर, मीटिंगमध्ये क्वालिटीच्या नावावर काही आलंय का?’ मिनिट्स फिरले असतील तर त्यात आपलं नाव शोधून पाहा. ‘14 नग डेव्हिएशनवर स्वीकारणे – क्वालिटी’ असं काही लिहिलेलं सापडलं, आणि ते तुम्ही मान्य केलेलं नसेल, तर त्याच दिवशी, मिनिट्स ज्यांना गेले त्या सगळ्यांना उत्तर द्या. Reply All ची जागा ही आहे. वाद न घालता नोंद दुरुस्त करावी: ‘रिबवरच्या 3 नगांसाठी डिझाइनच्या लेखी मताची वाट पाहत आहे. फ्लँजवरचे 11 नग नाकारलेलेच आहेत. कृपया मिनिट्समध्ये तसा बदल करावा.’ दोन-तीन दिवस गेले की स्टोअर्स त्या नोंदीच्या आधारावर माल आत घेतं, आणि मग नग शोधायला असेंब्लीपर्यंत जावं लागतं.